कोडीन एकाच घरात चार तऱ्हांनी वागतं

‘कोडीनचं सिरप म्हणजे साधं खोकल्याचं औषध, डॉक्टर उगाच घाबरवतात. वजनाच्या हिशोबानं दिलं की लहान-मोठ्या सगळ्यांना सारखंच लागू पडतं. घरात एकाला मानवलं तर बाकीच्यांनाही मानवतं, रक्त एकच असतं. दुखणं थांबलं नाही तर डोस दुप्पट करा. गुंगी आली तर चांगलंच, आजारी माणसाला झोप पाहिजेच.’

हा मेसेज मला गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्याच काउंटरवर एका पोरानं दाखवला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. त्याच्या हातात मोठ्या भावाच्या नावची जुनी चिठ्ठी होती आणि औषध हवं होतं बापासाठी. ‘मोठ्या भावाले मस्त लागू पडलं जी, बाबालेही तेच द्या.’ कोडीन शेड्यूल एच-१ मध्ये येतं. लिहून देणारा डॉक्टर आणि रुग्ण, दोघांची नावं रजिस्टरात घेतल्याशिवाय ते देता येत नाही, म्हणून मी थांबलो. पण कायदा नसता तरी मी थांबलो असतो, कारण बापाची चालू चिठ्ठीही त्याच्या खिशात होती आणि त्यावर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलेलं होतं. त्याचा संबंध पुढे येईल.

आधी पहिल्या वाक्याबद्दल. कोडीन अफूच्या बोंडातूनच येतं, पण दुखणं मारण्याचं काम ते स्वतः फारसं करत नाही. मेंदूतल्या ज्या जागी अफूवर्गातली औषधं चिकटतात, तिथे कोडीनची पकड फार ढिली असते. मॉर्फिनची पकड त्याच्या सुमारे दोनशेपट आहे. गोळी पोटात गेल्यावर लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम कोडीनच्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं. बहुतेकांत हा भाग शंभरात पाच ते दहा इतकाच असतो. उरलेलं कोडीन दुसऱ्या वाटांनी निकामी होऊन लघवीवाटे निघून जातं. म्हणजे तुम्ही बाटलीतून कोडीन मोजता, पण दुखणं थांबवणारं आणि श्वास मंदावणारं मॉर्फिन किती तयार होईल ते तुमचं लिव्हर ठरवतं. ते झाकणावरच्या खुणेनं मोजता येत नाही.

आता रक्त एक असण्याची गोष्ट. त्या पोराला मी हे चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दाखवलं, तसंच इथे सांगतो. या एन्झाइमचा जीन प्रत्येकाला दोन बाजूंनी मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. त्याचे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. काही पुरतं काम करतात, काही अर्धवट करतात, काही अजिबात करत नाहीत. काही घराण्यांत तर एकाच बाजूला कामाच्या दोन प्रती शेजारी-शेजारी बसलेल्या असतात.

समजा बापाच्या एका बाजूला अशी दुहेरी प्रत आहे आणि दुसऱ्या बाजूला निकामी. दोन अधिक शून्य, बेरीज दोन. आईच्या एका बाजूला नीट चालणारी एक प्रत आणि दुसरीकडे निकामी. बेरीज एक. दोघांनाही कोडीननं कधी विशेष त्रास दिलेला नाही. बापात ते नेहमीसारखं चालतं, आईत थोडं कमी. आता मुलं पाहा. पहिल्याला बापाची दुहेरी आणि आईची चांगली प्रत आली, त्याची बेरीज तीन. त्याचं लिव्हर भराभर मॉर्फिन करतं. दुसऱ्याला बापाची दुहेरी आणि आईची निकामी, बेरीज दोन, हा बापासारखा. तिसरीला बापाची निकामी आणि आईची चांगली, बेरीज एक, ही आईसारखी. चौथ्याला दोन्हीकडून निकामीच आली, बेरीज शून्य. त्याच्यात मॉर्फिन जवळजवळ तयारच होत नाही. एका चुलीवर जेवणारी सख्खी भावंडं, तोच ३० मिलिग्रॅमचा डोस, आणि एकाला गुंगी चढेल तर दुसरा रात्रभर कण्हत राहील. चेहरा, वजन, रक्तगट, भूक, यांतल्या कशावरूनही कोण कुठल्या खान्यातला ते कळत नाही. रक्तातली साखर किंवा थायरॉइड तपासतो त्या नेहमीच्या चाचण्यांतही ते दिसत नाही.

भारतात झालेल्या पाहण्यांत शून्य बेरजेची माणसं साधारण शंभरात दोन ते चार सापडतात. फार वेगवान लिव्हरची माणसं आपल्याकडे कमी आहेत, इथिओपियासारख्या देशात बरीच आहेत. कमी आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण तो एक माणूस तुमच्याच घरात असू शकतो.

डोस दुप्पट करण्याचा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो नेमका दुखणाऱ्या माणसाला दिला जातो. ज्याची बेरीज शून्य आहे त्याला दुप्पट कोडीन दिलं तरी मॉर्फिन बनवणारं यंत्रच बंद आहे. दुखणं आहे तसंच राहतं आणि मळमळ, चक्कर, जडपणा मात्र होऊ शकतो, कारण कोडीन स्वतः अंगात फिरतच असतं. माझ्या काकांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर कोडीनच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन रात्री ते पलंगाची दांडी धरून बसून होते आणि वॉर्डातल्या माणसानं त्यांना ‘नाटकं करू नका’ म्हटलं. त्यांची जीनची चाचणी कधी झाली नाही, म्हणून त्यांची बेरीज शून्यच होती असं मी म्हणणार नाही. पण औषध लागू न पडणं हे खोटं बोलण्याचं लक्षण नव्हे, एवढं मला आज ठामपणे माहीत आहे. हीच वेळ आपल्या पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या लेकरांवरही येऊ शकते. हाडांत कळा येतात, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल देऊनही रडणं थांबत नाही, आणि घरचे म्हणतात पोरगं लाडावलं. ट्रॅमाडॉलही बऱ्याच अंशी याच एन्झाइमवर अवलंबून आहे. त्यामुळे कोडीन लागलं नाही म्हणून ट्रॅमाडॉल घेणं म्हणजे त्याच बंद दारावर पुन्हा थाप मारणं. अशा वेळी डॉक्टरला स्पष्ट सांगा की या गोळीनं अजिबात फरक पडला नाही. दुसऱ्या वाटेनं काम करणारी औषधं आहेत. खुद्द मॉर्फिनलाही या एन्झाइमची गरज नसते, मात्र ते डॉक्टरच्या देखरेखीतच.

आणखी एक अडचण. फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन ही नैराश्याची औषधं या एन्झाइमला अडवतात. ज्याची जन्मजात बेरीज दोन आहे, तो माणूसही ती गोळी चालू असताना शून्यवाल्यासारखा वागू शकतो. मागच्या वर्षी कोडीन लागू पडलं होतं, यंदा नाही, असं झालं तर मधल्या काळात कोणती नवी गोळी सुरू झाली ते आठवून पाहा.

वजनाच्या हिशोबाला उत्तर एका लेकराच्या मरणानं दिलेलं आहे. २००९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी दोन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. वजन १३ किलोच्या आसपास, झोपेत श्वास अडायचा म्हणून टॉन्सिल काढलेले. घरी १० ते १२.५ मिलिग्रॅम कोडीन, चार ते सहा तासांनी, वजनाला धरूनच सांगितलेलं. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी तो गेलेला सापडला. त्याच्यात कामाच्या जास्तीच्या प्रती निघाल्या. अशाच आणखी घटना समोर आल्यावर अमेरिकेनं २०१३ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देऊ नये असा कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं ठरवलं. युरोपनं बारा वर्षांखालची मुलं आणि अंगावर पाजणाऱ्या आया, दोघांनाही मनाई केली.

आता त्या पोराच्या बापाकडे येतो. जास्तीच्या प्रती असल्या तरी फरक दरवेळी प्रचंड नसतो. ३० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन केलेल्या एका अभ्यासात वेगवान लिव्हरच्या माणसांत मॉर्फिन इतरांच्या सुमारे दीडपट निघालं. ११ पैकी १० जणांना गुंगी आली, नेहमीच्या लिव्हरवाल्यांत १२ पैकी ६ जणांना. दीडपटीनं सहसा माणूस दगावत नाही. धोका वाढतो तो बाकीच्या वाटाही बंद झाल्यावर.

जिनिव्हातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये लिहिलेली हकीकत अशीच आहे. ६२ वर्षांचे गृहस्थ, रक्ताचा कर्करोग, त्यात न्यूमोनिया. खोकल्यासाठी २५ मिलिग्रॅम कोडीन दिवसातून तीनदा, म्हणजे अजिबात जास्त नाही. चौथ्या दिवशी ते हाकेला ओ देईनात. रक्तात मॉर्फिन अपेक्षा होती लिटरमागे १ ते ४ मायक्रोग्रॅमची, निघालं ८०. त्यांच्याकडे कामाच्या तीन किंवा जास्त प्रती होत्या. कोडीन निकामी करणारी दुसरी एक वाट सीवायपी३ए४ या एन्झाइमची असते, ती क्लॅरिथ्रोमायसिननं आणि बुरशीवरच्या एका औषधानं अडवली होती. शिवाय किडनी बिघडली होती, त्यामुळे मॉर्फिनपासून तयार झालेले आणि तेवढेच गुंगी आणणारे पदार्थ बाहेर पडत नव्हते. मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन दिल्यावर ते शुद्धीवर आले आणि वाचले.

माझ्या गिऱ्हाइकाच्या बापाच्या चिठ्ठीवर तेच क्लॅरिथ्रोमायसिन होतं, सोबतच्या रिपोर्टात किडनीचं काम मंदावल्याचं सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, आणि प्रतींची बेरीज किती ते देवालाच ठाऊक. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी कोडीन नको म्हणून सांगितलं.

राहिलं गुंगीचं शेवटचं वाक्य. साध्या झोपेतला माणूस हलवल्यावर कुरकुरतो, कूस बदलतो, पाणी मागतो. मॉर्फिन चढलेल्याला हलवलं तर तो डोळे अर्धवट उघडून पुन्हा बुडतो. बुबुळाच्या मधला काळा ठिपका मोहरीसारखा बारीक होतो, अंधाऱ्या खोलीतही मोठा होत नाही. श्वास उथळ आणि लांब अंतरानं येतो, मध्येच घोरल्यासारखा अडतो, ओठ निळसर पडू लागतात. लहान लेकरू दूध ओढायचं सोडतं, अंग सैल टाकतं. छातीवर हात ठेवून मिनिटभर श्वास मोजा. मोठ्या माणसात दहाच्या खाली आले तर उजाडेपर्यंत थांबू नका. पुढचा डोस बंद करा, माणसाला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना बाटली आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि कोडीन किती वाजता, किती चमचे दिलं ते पहिल्याच वाक्यात सांगा. चमचा घरचा असेल तर तोही न्या. झाकणानं मोजलेल्या ५ मिलिलिटरमध्ये बहुतेक सिरपांत १० मिलिग्रॅम कोडीन असतं, आणि आपल्याकडचा भाजीचा चमचा त्याहून बराच मोठा असतो.