मासा न लागल्याच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

रिव्ह्यू: "नवशिक्यांसाठी बेस्ट असं लिहिलंय म्हणून आलो. सकाळी दहापासून चारपर्यंत मोठ्या जलाशयावर उन्हात बसलो, रोज तेच, एकही मासा नाही. बायको आणि मुलं तर पहिल्याच दिवशी कंटाळली. पैसे पाण्यात. एक स्टार."

नमस्कार सर, वेळ काढून लिहिलंत त्याबद्दल थँक्यू. राग समजतो, पण हे वाचून अजून कोणी तसंच बुकिंग करू नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे दोन पाणी आहेत, मोठा जलाशय आणि बाजूचं छोटं तळं, आणि "नवशिक्यांसाठी" हे पेजवर तळ्याच्या खाली लिहिलंय. तुम्ही जलाशय निवडलात, बहुतेक मोठ्या माशाचा फोटो बघून, सगळेच तसं करतात. पण एवढ्या मोठ्या पाण्यात मासा आज नेमका कुठे आहे हे शोधणं हेच अर्धं काम असतं, आणि ते जुन्या लोकांनाही दर वेळी जमत नाही. त्यात कडक उन्हाळा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 10 अंशाला लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 30 अंशाला जेमतेम साडेसात. खोल पाण्यात तर उन्हाळ्यात थर पडतात, वरचा गरम, तळाचा गार पण बऱ्याचदा ऑक्सिजन नसलेला, मग मासा मधेच कुठेतरी लटकून राहतो आणि खाण्याचं काम पहाटे नाहीतर संध्याकाळी उरकतो. म्हणजे दहा ते चार तुमचं आमिष तळाला पडून होतं आणि तिथे खायला कोणी नव्हतंच. यात तुमच्या पेशन्सचा काही दोष नाही. दुपारी तिथे मीही बसलो असतो तर बहुतेक हात हलवतच परत आलो असतो.

पहिल्यांदा गळ टाकणाऱ्याला खरं तर मोठा मासा नाही, सारखी हालचाल लागते. पाण्यावर तरंगणारा फ्लोट दर पाच-दहा मिनिटांनी थरथरला पाहिजे, नाहीतर शिकणार काय? म्हणून तळं बरं. कमरेएवढी खोली, छोटे मासे भरपूर, बारीक फ्लोट, बारीक गळ (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, नवीन लोक इथे हमखास उलटं घेतात, 16 नंबर तळ्याला ठीक), त्यावर मक्याचा एक दाणा किंवा गांडुळाचा तुकडा. आधी लाईनला वजन लावून खोली मोजायची आणि आमिष तळाला जेमतेम टेकेल असा फ्लोट सरकवायचा. मग चिमूटभर चारा, थोडा थोडा पण सारखा, एकदम मूठभर टाकलात की मासे त्यानेच पोट भरतात आणि गळाकडे बघत नाहीत. बारीक बुडबुड्यांची रांग वर आली किंवा पाणी एका जागी गढूळ झालं की समजायचं, खाली कोणीतरी उकरतंय. आणि अर्धा-पाऊण तास काहीच झालं नाही तर बसून राहू नका, आमिषाची खोली बदला, जागा बदला. नुसतं बसून राहणं म्हणजे पेशन्स नाही, असं माझं तरी मत आहे.

सीझनचं म्हणाल तर उन्हाळा चढायच्या आधीचे किंवा उतरल्यानंतरचे आठवडे धरा. कार्प जातीचे मासे साधारण 18 ते 25 अंशाच्या पाण्यात चांगले खातात, आणि ढगाळ दिवस मिळाला तर दुपारीही चान्स असतो. ट्राउट पाहिजे असेल तर मात्र थंड वाहतं पाणी आणि फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी, टाकायची सवय दोन्ही लागतं, पहिल्या सुट्टीला नकोच.

आता घरच्यांचं. तुमच्या रिव्ह्यूतली ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण सुट्टी खरी बिघडते ती इथेच. उन्हाळ्यातच यायचं असेल तर मासेमारी पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, बास, नवीन माणसाचं लक्षही त्याच्यापुढे टिकत नाही. मधला सगळा दिवस घरच्यांचा, बोट, सायकल, पोहणं, जवळच्या गावात चक्कर, आणि पहाटे ते झोपलेले असतात म्हणजे कोणाचा खोळंबाही नाही. जलाशयाचा काठ उंच, सावली नाही, तिथे लहान मुलांना दिवसभर बसवणं म्हणजे शिक्षाच. तळ्याला मात्र सगळीकडून पायवाट आहे, मुलं फिरू शकतात, गप्पा मारल्या तरी चालतं, हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, फक्त काठावर धपाधप पळू नका कारण ते हादरे माशाला लगेच कळतात. (दगड मारणाऱ्यांना दुसऱ्या टोकाला पाठवा.)

पैशांचं सांगतो, मासा लागला नाही म्हणून रिफंड आम्ही देत नाही, ते बुकिंगच्या वेळीच लिहिलेलं असतं. परत यायचा विचार झाला तर बुकिंगआधी फोन करा, सोबत कोण कोण आहे आणि त्यातलं कोण गळ हातात घेणार नाही ते सांगा, म्हणजे तळ्याजवळची खोली आणि पहाटेची जागा धरून ठेवतो.