४० पानांना नऊ दिवस का?

रिव्ह्यू (२ स्टार): "४० पानांचं इंग्लिश ते मराठी एचआर हँडबुक दिलं. कोटेशन द्यायलाच एक दिवस लावला, मग नऊ दिवस मागितले. नंतर करेक्शन सांगितली तर जादा बिल. बाकीचे लोक पानावर रेट लगेच सांगतात."

आमचं उत्तर:

सर, तुम्ही वेळ काढून लिहिलंत त्याबद्दल आभार. पानावर रेट आम्ही मुद्दामच सांगत नाही, कारण तुमच्याच फाइलमध्ये एका पानावर फक्त हेडिंग आणि सही होती आणि शिस्तभंगाच्या चॅप्टरमध्ये एकेका पानावर पाचशेच्या वर शब्द. २६ पानं वर्डमध्ये होती, तिथे काउंट लगेच मिळाला, ८,९०० च्या आसपास. उरलेली १४ पानं स्कॅन होती, स्कॅनमधले शब्द वर्ड मोजत नाही, म्हणून त्यातली एक हलकी, एक मध्यम, एक गच्च भरलेली अशी तीन पानं हाताने मोजली, सरासरी २६० आली, म्हणजे अजून ३,६०० धरा. एकूण साडेबारा हजार. मोजतो ते इंग्लिश शब्द, कारण ते काम सुरू व्हायच्या आधी तुम्हालाही तपासता येतात, आणि मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात त्यामुळे तिकडचा आकडा बहुतेक वेळा कमीच येतो.

मग नवीन क्लायंट असला की आम्ही ३०० शब्द करून बघतो, ते सुद्धा सुरुवातीचे नाही, कारण 'आमच्या कंपनीत स्वागत' टाइप पानं सगळ्यांचीच सोपी असतात, तर मधले अवघड. तुमचा ग्रॅच्युइटीचा भाग घेतला, एक तास लागला. दिवसाला सहा तास सलग भाषांतर धरलं तर १,८०० शब्द, म्हणजे सात दिवस, आणि दुसऱ्या माणसाने मूळ इंग्लिश शेजारी ठेवून वाचायला दोन. चौघांत वाटून तीन दिवसात देता आलं असतं पण मग रजेचे नियम एका चॅप्टरमध्ये एका भाषेत आणि पुढच्यात वेगळ्या, आणि हे पुस्तक कामगार भांडण झाल्यावर उघडणार आहेत हो, तिथे हे चालत नाही.

करेक्शनचं म्हणाल तर एक फेरी रेटमध्येच होती, कोटेशनच्या मेलमध्ये तसं लिहिलंय, आणि एचआर मॅडमनी सांगितलेले सगळे बदल त्यात केले. नंतर प्लांटच्या साहेबांनी त्यातलेच बरेच उलटे फिरवले, ती दुसरी फेरी झाली, तिचे तासावर पैसे लावले. आणि रजेचं धोरण तर मूळ इंग्लिशमध्येच बदलून आलं, ते ९०० शब्द नवीन काम, ते शब्दावर लावलं. बिलात दोन्ही ओळी वेगवेगळ्या आहेत, बघून घ्या.

पुढच्या वेळी स्कॅनच्या जागी मूळ वर्ड फाइल मिळाली तर कोटेशन त्याच दिवशी देतो, आणि एचआर व प्लांट दोघांचे शेरे एकाच फाइलमध्ये एकत्र करून पाठवलेत तर दुसऱ्या फेरीचे पैसे बहुधा लागणारच नाहीत.