आमची काडी

छत्रीची एक काडी मोडली, एवढीच घटना. ती ऐन गर्दीत, वाऱ्याच्या झोताने मोडली आणि शेजारून जाणाऱ्या एका मुलीने मला जागच्या जागी निकाल सुनावला, “काका, नवी घ्या आता.” आठपैकी सात काड्या ठणठणीत, कापडाला भोक नाही, मूठ घट्ट. तरीही नवी घ्या! आणि ‘काका’ म्हटलं ते वेगळंच.

घरी येऊन छत्री उलटी पसरली. मोठी काडी जिथे आखूड काडीवर टेकते, तिथून बोटभर पुढे मुडपली होती. बहुतेक काड्या याच भागात मोडतात, कारण वाऱ्याचा सगळा बाक तिथे येतो. अशा छत्रीची काडी म्हणजे भरीव तार नसते, ती पोलादी पत्र्याची बारीक पन्हळ असते. ही युक्ती 1852 साली सॅम्युएल फॉक्स या इंग्रज कारखानदाराने बाजारात आणली. त्याआधी काड्यांसाठी देवमाशाच्या जबड्यातली हाडासारखी पट्टी वापरत. म्हणजे माझ्या छत्रीपायी देवमासा वाचला, आणि मी मात्र रस्त्यात बोलणी खाल्ली.

पन्हळ असल्याचा फायदा असा की तिच्यावर तशीच दुसरी पन्हळ टोपणासारखी बसते. फक्त त्यासाठी एक मेलेली छत्री हवी, आणि ती शेजारच्या अण्णांकडे होती. दाराआड उभी, कापडाच्या चिंध्या झालेली.

“अण्णा, तुमच्या त्या छत्रीतला दोन इंचांचा तुकडा घेऊ का?”

“कशाला?”

“माझी काडी सांधायला.”

“छे! एवढ्या एका काडीसाठी कोण खटपट करतं? सरळ नवी घ्या.”

“तुम्ही घेतलीत ना नवी?”

“घेतली की. ही जुनी झाली.”

“मग हिच्यातली एक काडी कापतो.”

अण्णांनी छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरली. “कापायची? चांगल्या छत्रीची?”

“अण्णा, हिला कापडच नाही.”

“कापड बदलता येतं!”

“मग बदला.”

“आता कोण बदलतं?”

या वर्तुळात आम्ही बराच वेळ फिरलो. नवी घ्या, हा सल्ला मला. टाकू नका, हा नियम त्यांना. माणसं जुन्या वस्तू दुरुस्त करत नाहीत, टाकतही नाहीत, नुसती दाराआड उभी करून ठेवतात आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवतात. शेवटी वहिनींनी आतून “द्या हो ती एकदाची!” असं ओरडून प्रश्न सोडवला. अण्णांनी काडीही स्वतः निवडली. सर्वांत गंजलेली. मी शेजारची घेतली.

त्यानंतर ते माझ्या डोक्यावर उभे राहिले. कापडाचे काडीला घातलेले टाके मी सोडले, टोकाची टोपी काढली, मुडपलेला भाग पकडीने एकदाच, हळू सरळ केला. “मागेपुढे वाकवून बघा की, आपोआप सरळ होईल,” अण्णा म्हणाले. तसं केलं की पत्रा थकतो आणि तुकडाच हातात येतो. मी ऐकलं नाही. त्यांच्या काडीचा तुकडा कापला, कडा कानशीने घासल्या, नाहीतर त्या कापड फाडतात. पन्हळीचं तोंड किंचित उघडून तो तुकडा मोडीवर असा चढवला की दोन्ही बाजूंना सारखा उरेल, मग पकडीने दाबून दोन ठिकाणी बारीक तांब्याची तार आवळली. “गोंद लावा,” अण्णा. गोंद इथे टिकत नाही. काडी प्रत्येक वेळी वाकते आणि तो सुटतो. टाके नायलॉनच्या दुहेरी दोऱ्याने घातले, कारण सुती दोरा भिजून कुजतो. काडीभोवतीचा टाका मुद्दाम सैल ठेवला. घट्ट झाला तर पुढच्या झोताला कापड तिथेच फाटतं.

छत्री हळूहळू उघडली. आठही पाकळ्या ताणल्या गेल्या, एकीवरही सुरकुती नाही. सुरकुती पडली असती तर काडी आखूड झाली, असं समजायचं. सांध्याजवळची काडी मात्र आता बाकीच्यांइतकी वाकत नाही. त्यामुळे पुढचं मोठं वारं आलं तर ती जोडतुकड्याच्या कडेपाशी मोडेल. आणि मोडीच्या जागी आखूड काडीची खीळच असती, तर हा तुकडा बसलाच नसता, अख्खी काडी बदलावी लागली असती. ती सुटी मिळते कुठे? अख्खी छत्री विकायला सगळे तयार, एक काडी द्यायला कोणी नाही.

हे सगळं चालेल. चालत नाही ते एवढंच, की आता मी पावसात बाहेर पडलो रे पडलो की अण्णा गॅलरीतून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडतात, “वाऱ्यात उघडू नका हो! आमची काडी आहे तिच्यात!”