‘चारवरून सातवर’ : वाचकाच्या अभिप्रायाला प्रकाशकाचे उत्तर

‘कल्याणला गाडी जेमतेम तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात गुडघेदुखीची आई आणि अकरा वर्षांची मुलगी पूल ओलांडून चारवरून सातवर जातात? अशक्य. वर आपला डबा सोडून भलत्याच डब्यात चढतात. साठ रुपये वाया. पार्सलही उशिरा.’

नमस्कार. पार्सल उशिरा पोचलं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पण ‘अशक्य’ हा शब्द वाचून फार वाईट वाटलं. आमच्यासारख्या छोट्या प्रकाशनाचं एका ताऱ्यानेही नुकसान होतं, म्हणून वेळेचा हिशोब मांडतो.

आपण फक्त थांब्याची तीन मिनिटं धरलीत. कथेत गाडी चार नंबरऐवजी सात नंबरच्या फलाटावर येणार अशी घोषणा होते, तेव्हा गाडीने नुकतीच डोंबिवली ओलांडलेली आहे. तिथून कल्याण साधारण सहा किलोमीटर, म्हणजे गाडी लागायला सहाएक मिनिटं. थांबा धरून हातात नऊ मिनिटं आहेत. पहिलं मिनिट घोषणा नीट ऐकण्यात आणि बॅगा उचलण्यात जातं. चढायला दोन, गर्दीतून पूल ओलांडायला दोन, उतरायला दोन. दुखऱ्या गुडघ्याला उतरणं चढण्याहून जड जातं, म्हणूनच आई तिथे कठडा धरून एकेक पायरी उतरते. झाली सात. गाडी लागून एकच मिनिट झालेलं आहे.

घोषणा एवढ्या आधी का होते, तेही सांगतो. चारवर आधीची गाडी अडकलेली असते. येणाऱ्या गाडीला एकदा सिग्नल देऊन मार्ग लावला की तो सहज बदलता येत नाही. रद्द केलाच तर रूळ बदलणारे सांधे मोकळे व्हायला १२० सेकंद जातात. त्यामुळे फलाट गाडी सिग्नलपाशी येण्याआधीच ठरवावा लागतो.

आता डबा. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. त्यांचा डबा इंजिनाकडे आणि जिना उतरतो शेपटाकडे. उरलेल्या दोन मिनिटांत बॅगा घेऊन तिथवर चालत जाणं खरोखर अशक्य होतं. म्हणून आई समोरच्या स्लीपर डब्यात मुलीला आधी चढवते आणि मग दोघी आतून पुढे जातात. जनरल डबा तिने मुद्दाम टाळला, कारण त्यातून आरक्षित डब्यांत जायला बहुधा वाट नसते. हे वाक्य पान नऊवर आहे, ते आपल्या नजरेतून सुटलं असावं.

रुळांवरून मुलगी दोन मिनिटांत पलीकडे गेली असती, पण समोरचा फलाट रुळापासून पाऊण मीटरहून उंच, चढणार कशी? शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. लेखिकेने आईकडून तिचा हात घट्ट धरवला, ते योग्यच केलं.

पुढच्या आवृत्तीत स्टेशनचा छोटा नकाशा देता येतो का, बघतो. पार्सलचंही बघतोच आहोत. जमलं तर पान नऊ पुन्हा वाचा आणि तारे बदलता आले तर बदला, ही विनंती.

— प्रकाशक