डिश जोडतं ते घड्याळ

"हवाई आणि स्पेनमधल्या रेडिओ दुर्बिणींच्या डिशना जोडणारी केबलच नाही, मग त्या एक दुर्बीण कशा होतात?"

निरीक्षण चालू असताना त्या होतच नाहीत! एप्रिल 2017 मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभर पसरलेल्या डिशच्या जाळ्यातून एम87 दीर्घिकेकडे बघताना प्रत्येक ठिकाणी आलेली लाट हायड्रोजन मेसर या अतिशय अचूक अणुघड्याळाच्या ठोक्यावर हार्ड डिस्कवर नोंदवली गेली. मग त्या डिस्क विमानाने जर्मनीतल्या बॉनला आणि अमेरिकेतल्या हेस्टॅक वेधशाळेत नेल्या. खरी जोडणी तिथे होते. एकच लाट दोन ठिकाणी काही मिलिसेकंदांच्या फरकाने पोचते, आणि पृथ्वी फिरत असल्याने तो फरक सतत बदलतो. म्हणून संगणक एक नोंद दुसरीवर किंचित मागेपुढे सरकवून पाहतो. नेमका फरक सापडला की गोंगाटातून जुळणीचं शिखर वर येतं. ते दिसलं नाही तर घड्याळ किंवा डिशच्या जागेचा हिशोब चुकला असावा, असा संशय येतो.

खरा त्रास हवेतल्या बाष्पाचा. लाट जेमतेम 1.3 मिलिमीटरची, त्यामुळे बाष्प काही सेकंदांतच ताल बिघडवतं. त्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो: तीन डिशच्या तीन जोड्यांचे कलाफरक, म्हणजे लाटांच्या चढउतारातले फरक, घेऊन त्यांची ओळीने बेरीज करायची. प्रत्येक डिशची चूक एका जोडीत अधिक आणि दुसरीत उणे येते, म्हणून ती आपोआप कटते.

मात्र या जोडणीमुळे पृथ्वीएवढ्या दुर्बिणीइतकी होते ती फक्त बारकावे टिपण्याची ताकद. लहरी गोळा करायला क्षेत्रफळ तेवढ्या मोजक्या डिशचंच असतं.