हिरवा कपडा लावून चादरीचे फोटो काढणाऱ्यांनो, जरा थांबा

«ऑनलाइन विकायच्या मालाचा फोटो कसाही काढा. मागे हिरवा कपडा लावा, माल त्याला चिकटवून टांगा, लाईट फुल्ल मारा, मोबाईल पोर्ट्रेट मोडवर ठेवा. बाकी बॅकग्राउंड ॲप एका क्लिकवर उडवतं. खर्च शून्य!»

हा मेसेज गेल्या महिन्यात माझ्याकडे चार ग्रुपमधून आला, आणि मग आमच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्या अण्णांनी अगदी तसंच करून बारा चादरींचे फोटो काढले आणि मला म्हणाले, बघ रे, दशा हिरव्या का दिसायला लागल्यात. चादर मरून-पिवळी, टोकाच्या दशा ऑफ-व्हाइट, आणि पांढऱ्या बॅकग्राउंडवर टाकली की खाली शेवाळ चढल्यासारखं दिसतंय. ॲपला शिव्या घालण्यात काही अर्थ नव्हता, चूक फोटोतच होती.

आधी हिरव्याचं घेऊ. हिरवा पडदा ही सिनेमा-टीव्हीवाल्यांची पद्धत. माणसाच्या कातडीत हिरवा रंग फारसा नसतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट असतात, म्हणून तिथं तो चालतो. आपल्याकडे मात्र अर्ध्या चादरींत हिरवा रंगच असतो बे, मग रंग बघून कापायला गेलं की डिझाईनलाच भोकं पडणार. आणि मुख्य गोष्ट कडेची आहे. दशाचा दोरा इतका बारीक असतो की फोटोतल्या एकेका ठिपक्यात थोडा दोरा आणि थोडं मागचं असं मिसळलेलं असतं. ॲप त्या ठिपक्याला अर्धा पारदर्शक करेल, पण त्यात मुरलेला हिरवा रंग तिथंच राहतो, कारण दोऱ्याचा खरा रंग काय होता हे त्याला अंदाजानेच ठरवावं लागतं. त्यात मोबाईलचा जेपेग फोटो रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईनं साठवतो, म्हणून हिरवी कड दोऱ्याच्या बाहेर पण पसरते. मागे साधा राखाडी असला तर तेच मिसळलेले ठिपके राखाडी राहतात आणि पांढऱ्यावर टाकले की दोऱ्याची सावली वाटते, कोणाच्या डोळ्यात येत नाही. म्हणून मागचा रंग निवडताना फोटो शेवटी कशावर जाणारे ते बघायचं, आणि मालाच्या कडेपेक्षा उजेडात वेगळा पण भडक नसलेला रंग घ्यायचा.

आता चिकटवून टांगायचं. अण्णांच्या फोटोत दोन गोष्टी झाल्या होत्या. कपड्यावर चादरीची काळी सावली पडली, ती ॲपनं मालाचाच भाग धरली, आणि हिरव्या कपड्यावर आपटून परतलेला उजेड दशांवर पडला. हा दुसरा हिरवेपणा खऱ्याखुऱ्या दोऱ्यावरच आहे, तो कापून जात नाही. दोन्हीवर उपाय एकच, माल मागच्या भिंतीपासून लांब ओढायचा.

मी अण्णांच्या दहा बाय बाराच्या खोलीत केलं ते सांगतो. पांढरीच भिंत, कपडा-बिपडा काही नाही. खोलीत आडवी दोरी बांधून त्यावर पाईप, पाईपवर घडी केलेली चादर, भिंतीपासून सहा फूट पुढं. एक एलईडी लाईट चादरीपासून तीन फुटांवर, थोडा बाजूला. म्हणजे लाईटपासून चादर तीन फूट आणि भिंत साधारण नऊ फूट, तिप्पट अंतर. अंतर तिप्पट झालं की उजेड नववा हिस्सा उरतो, त्यामुळं चादरीला बरोबर उजेड धरला की तीच पांढरी भिंत फोटोत गडद राखाडी येते! बाजारातून राखाडी कागद आणायची गरजच नाही. ऑफ-व्हाइट दशा त्या राखाडीवर दोरा न दोरा वेगळ्या दिसल्या.

हे खिडकीच्या उजेडावर जमत नाही हे पण लिहितो, नाहीतर उद्या मलाच शिव्या पडतील. खिडकी मोठी असते, आणि तिथून येणारा आभाळाचा उजेड मागं जाताना इतका झपाट्यानं कमी होत नाही, म्हणून दारं-खिडक्या बंद करून पडदे ओढूनच करायचं. खोली लहान आणि सगळीकडून पांढरी असेल तर छतावरून उजेड परततो आणि भिंत हवी तेवढी गडद होत नाही, मग लाईट चादरीच्या आणखी जवळ आणायचा. आणि हो, पंखा बंद. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद म्हणजे काय ते आपल्यालाच माहीत, पण दशा हलल्या की त्यांची कड पुसट होते. टांगल्यावर दशा फणीनं विंचरायच्या, गुंता असला की मधली भोकं कोणतंच ॲप नीट कापत नाही.

पण गडद मरून बाजूची कड गडद राखाडीत मिसळायला लागली. इथं दुसरा छोटा लाईट लागला, चादरीच्या मागून वरून, कडेवर मारलेला. तो थेट लेन्समध्ये दिसू नये म्हणून काळा पुठ्ठा आडवा धरला, नाहीतर पूर्ण फोटो धुरकट होतो. कडेवर बारीक उजळ रेघ आली, बस्स, तेवढ्यानं माल मागच्यापासून सुटतो. सगळा मालच काळा-निळा असेल तर उलटं करायचं, दुसरा लाईट भिंतीवर मारून भिंत उजळ करायची.

म्हणून फुल्ल लाईट म्हणणाऱ्यांना विचारायचंय, कुठं फुल्ल? पांढऱ्या टेरी टॉवेलवर फुल्ल मारला की लूप जळून सपाट पांढरे होतात आणि भिंत पण पांढरी झाली की कड उरतच नाही, ॲप टॉवेलचा कोपरा भिंतीसकट उडवतं. मोबाईलवर टॉवेलवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि बोट खाली ओढून उजेड कमी करा, लूपची बारीक सावली दिसायला लागेल तिथपर्यंत.

पोर्ट्रेट मोडबद्दल एवढंच, की तो स्वतःच अंदाजानं कड कापून मागचं धूसर करतो आणि त्यात दशा खाऊन टाकतो, म्हणजे ॲपच्या हातात आधीच चुकलेली कड जाते. साधा मोड, दोन एक्स लेन्स, मोबाईल स्टँडवर, आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की दाबला जाऊन कड चिरडते.

कड बरोबर आली का बघायचं असेल तर कापलेल्या चादरीखाली भडक लाल रंग टाका आणि दुप्पट मोठं करून दशा बघा, पांढऱ्यावर लपलेली किनार लालवर लगेच उघडी पडते. अण्णांच्या नव्या फोटोत लालवर फक्त एका कोपऱ्यात राखाडी रेघ दिसली, आणि तिथं चादरीची घडी मागं वळली होती, लाईट पोचलाच नव्हता. घडी सरळ करून तेवढा एक फोटो परत काढला.