एक आकडा, पाच दावेदार

मार्च आला की लिफ्टमध्ये दुसऱ्याला 'तुम्ही आधी' म्हणणारी साधी माणसं सेल्फ अप्रेझलचा फॉर्म उघडतात आणि दोनच जातींची उरतात. एक जात अशी, की फॉर्म वाचून वाटावं, कंपनी ह्यांच्याच खांद्यावर उभी आहे, बाकीचे चहाला आले होते. दुसरी जात खरोखर राबलेली असते आणि लिहिते, 'सर्वांच्या सहकार्याने काम वेळेत पूर्ण करण्यात आले.' सत्यनारायणाच्या पूजेनंतरच्या आभारप्रदर्शनात हे वाक्य खपून जातं. पगारवाढीच्या फॉर्मात त्याचा अर्थ एवढाच निघतो, की काम झालं आणि त्या वेळी ह्या बाई इमारतीत होत्या.

माझं मत विचाराल तर दोन्ही वाक्यं सारखीच खोटी आहेत. पहिलं दुसऱ्यांना गायब करतं, दुसरं स्वतःला. आणि साहेबाला दोन्हींतून काहीच कळत नाही.

एक नमुना घेऊ. समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पाच जणांच्या टीमनं ग्राहकाच्या महिनाअखेरीच्या बिलांचा रात्री चालणारा प्रोग्रॅम सहा तासांवरून पन्नास मिनिटांवर आणला. पाचही जण फॉर्ममध्ये लिहितात, 'बिलिंगचा वेळ सहा तासांवरून पन्नास मिनिटांवर आणला.' साहेबानं बेरीज केली तर प्रत्येकी पाच तास दहा मिनिटं, म्हणजे एकूण पंचवीस तास पन्नास मिनिटं वाचली. ह्या हिशेबानं बिलं आदल्या दिवशीच ग्राहकाच्या हातात पडायला हवीत.

बरं, हे पाचही जण लबाड असतात असं नाही. मायकल रॉस आणि फिओर सिकोली ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पुऱ्याच्या वर गेली. गंमत म्हणजे यादीत भांडण उकरून काढणं हेही होतं आणि त्यातही मंडळींनी स्वतःकडे जरा जास्तच वाटा घेतला. म्हणजे कारण निव्वळ फुशारकीचं नाही. आपण घासलेली भांडी आपल्याला आठवतात, दुसऱ्यानं घासलेली आपल्याला नुसती स्वच्छ दिसतात.

म्हणूनच फॉर्मात टक्केवारी लिहू नये. 'माझा वाटा ४० टक्के' हे वाक्य प्रामाणिक माणसाच्या हातूनही चुकतंच, कारण असल्या कामात वाट्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पाचातलं एक काम शून्य झालं की सगळंच शून्य. त्यामुळे 'मी नसतो तर अडलं असतं' असं पाचही जण म्हणू शकतात आणि पाचही जण खरं बोलत असतात. विचारायचं ते 'किती अडलं असतं' नव्हे, 'नेमकं काय अडलं असतं'.

आपल्या टीमला हा प्रश्न लावून बघू. डेटाबेसच्या एका टेबलवर इंडेक्स नव्हता आणि प्रत्येक बिलासाठी अख्खं टेबल पहिल्यापासून वाचलं जात होतं, हे एकीनं शोधलं. दुसऱ्यानं तो इंडेक्स टाकला आणि हिशेबाचा भाग नव्यानं लिहिला. तिसरीनं तपासणी केली. चौथ्यानं ग्राहकाकडून सिस्टिम बंद ठेवायला एक रात्र मिळवली. पाचवा टीम लीड.

आता ह्यातल्या तिसरीचा फॉर्म भरू, कारण टेस्टिंगवाल्यांची पंचाईत सगळ्यांत मोठी. त्यांनी काम चोख केलं तर काहीच घडत नाही आणि 'काहीच घडलं नाही' ह्याचे गुण कुठल्या रकान्यात मांडायचे? पहिल्या मसुद्यात ती लिहिते, 'टेस्टिंगमध्ये मोलाचा सहभाग.' हे खोडायचं. सहभाग, योगदान, हातभार हे शब्द दिसले, की समजावं, लिहिणाऱ्यालाही आपण काय केलं ते सांगता येत नाहीये. तिनं काय केलं होतं? मागच्या तीन महिन्यांची बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रॅममधून काढून ओळीला ओळ लावून ताडून पाहिली. काही बिलांत दोन-चार पैशांचा फरक निघाला. जुना प्रोग्रॅम बिलाच्या प्रत्येक ओळीवरचा कर पैशात पूर्ण करून मग बेरीज करत होता, नवा आधी बेरीज करून शेवटी एकदाच पूर्ण करत होता. दोन पैशांसाठी ग्राहक भांडायला येत नाही हे खरं, पण त्याच्या अकाउंट्सचा ताळा बसत नाही आणि मग तो चार माणसं घेऊन येतो.

तर फॉर्मातल्या ओळी अशा: 'बिलिंगचा वेळ सहा तासांवरून पन्नास मिनिटांवर (टीम, पाच जण). माझं काम: तीन महिन्यांची बिलं दोन्ही पद्धतींनी काढून ताडली. करात पैशांचा फरक सापडला, राउंडिंगच्या क्रमामुळे तो येतो हे दाखवलं. दुरुस्ती डेव्हलपरनं केली, ती मी पुन्हा तपासली. चुकीचं एकही बिल ग्राहकाकडे गेलं नाही.' आकडा टीमचा आणि तसं कंसात म्हटलेलं. क्रियापदं मात्र बहुतेक तिची. 'दुरुस्ती डेव्हलपरनं केली' हे लिहिताना पुष्कळांचा हात अडखळतो, पण ह्याच वाक्यामुळे आजूबाजूच्या वाक्यांवर विश्वास बसतो. शिवाय साहेबाच्या टेबलावर त्या डेव्हलपरचाही फॉर्म आहे. दोन्ही कागद जुळले तर दोघांचंही भलं.

संशोधनाच्या जगात हा तंटा इतका वाढला, की आता बरीच नियतकालिकं लेखकांची नुसती नावं घेऊन थांबत नाहीत. 'क्रेडिट' नावाची चौदा भूमिकांची यादी आहे: कल्पना कुणाची, विश्लेषण कुणाचं, पहिला मसुदा कुणाचा, पैसा कुणी आणला. ज्यानं जे केलं त्यापुढे त्याचं नाव. आपल्या ऑफिसात चौदा नकोत, पाच पुरतात. पण क्रम महत्त्वाचा: आधी बाकीच्या चौघांची कामं लिहून काढायची, मग स्वतःचं. उलटं केलं तर आपल्या कामाला दोन पानं लागतात आणि चौघांच्या वाट्याला 'इत्यादी' येतं. लिहून झालं की ती यादी त्या चौघांना पाठवायची. फॉर्म सबमिट व्हायच्या आधी 'अगं, तो इंडेक्स मी टाकला होता' असं ऐकणं परवडतं.

राहता राहिला टीम लीड. त्याच्या फॉर्मात 'समन्वय साधला' असतं आणि ते वाचून चौघांना हसू येतं, कारण त्यांनी पाहिलेला समन्वय म्हणजे सकाळी साडेनऊची मीटिंग. त्यानं मीटिंगा लिहू नयेत, निर्णय लिहावेत. ग्राहकाकडून रात्र मिळवली चौथ्यानं, पण कुठली रात्र मागायची हे लीडनं ठरवलं. ११ तारखेला जीएसटीचं जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरायचं, २० ला ३बी हे दुसरं, आणि महिनाअखेरीला बिलं. ह्या तीन तारखांच्या आसपास अकाउंट्सवाले सिस्टिमला हात लावू देत नाहीत. म्हणून २० नंतरचा पहिला शनिवार. पैशांच्या फरकाचं कळल्यावर तोही त्यानं रद्द केला आणि काम पुढच्या महिन्यावर ढकललं, वरून फोन येत असताना. हे लिहावं. आणि 'टीमला प्रेरणा दिली' हे वाक्य खोडावं, कारण त्या ओळीची खात्री करायला साहेब नेमका त्या चौघांनाच विचारतो.